पाच रविवारांचा महिना: रोजंदारी कामगाराला पगार किती दिवसांचा?

रोजंदारीवरच्या कामगाराला रविवारचा पगार मिळतो का, या प्रश्नाचे उत्तर मुकादम एक देतो, ठेकेदार दुसरे देतो आणि शेजारच्या साईटवरचा कामगार तिसरेच सांगतो. गंमत म्हणजे तिघांचेही उत्तर आपापल्या ठिकाणी बरोबर असू शकते. कारण रविवारचे पैसे वेगळे द्यायचे की नाही, हे रोजचा दर कसा काढला आहे यावर ठरते. एरवी हा फरक फारसा जाणवत नाही. महिन्यात पाच रविवार आले की मात्र तो थेट हातात पडणाऱ्या रकमेत दिसतो.

२०२६ चा मार्च महिना उदाहरणादाखल घेता येईल. १ तारखेलाच रविवार आणि पुढे ८, १५, २२, २९ असे एकूण पाच रविवार. ३१ दिवसांतून ते वजा केले की कामाचे २६ दिवस उरतात.

नियम काय सांगतो

किमान वेतन कायदा १९४८ खालील १९५० च्या केंद्रीय नियमांमध्ये नियम २३ साप्ताहिक सुट्टीचा आहे. दर आठवड्याला एक दिवस विश्रांती द्यायची, तो दिवस साधारणपणे रविवार असेल आणि त्या दिवसाचे वेतन आदल्या दिवशी लागू असलेल्या दराने द्यायचे, असे तो सांगतो. म्हणजे शनिवारचा जो दर, तोच रविवारचा.

पण याच नियमाला एक परंतुक जोडलेले आहे आणि सगळी मेख तिथेच आहे. अधिसूचनेतला रोजचा किमान दर महिन्याच्या दराला २६ ने भागून काढलेला असेल, तर सुट्टीच्या दिवसाचे वेगळे वेतन देय नाही. कामगाराचा प्रत्यक्ष दर महिन्याच्या पगाराला २६ ने भागून आला असेल आणि तो किमान दरापेक्षा कमी नसेल, तरीही तसेच.

यामागचा विचार साधा आहे. वर्षात ३६५ दिवस, त्यात साधारण ५२ रविवार. उरतात ३१३ दिवस. त्याला १२ ने भागले की महिन्याला २६ च्या किंचित वर कामाचे दिवस येतात. महिन्याचा पूर्ण पगार या २६ दिवसांवर वाटला, तर रविवारचा वाटा कामाच्या दिवसांच्या दरात आधीच मिसळलेला असतो. तो पुन्हा मागितला तर दोनदा घेतल्यासारखे होईल.

महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या किमान वेतन अधिसूचनांमध्ये रोजचा दर २६ ने भागूनच येतो. रेल्वे, खाणी अशा केंद्राच्या अखत्यारीतल्या कामांसाठी केंद्राचा दर लागतो, मग साईट बेळगावात असो, मडगावात असो की वडोदऱ्यात. बांधकामासाठीच्या केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेतल्या दरांत साप्ताहिक सुट्टीचे वेतन धरलेले आहे. म्हणून पहिला प्रश्न "रविवार मिळतो का" हा नाही. "दर २६ चा आहे की ३० चा", हे आधी विचारायला हवे.

एकाच पगाराचे तीन हिशेब

समजा, एका ठेक्यात मदतनिसाचा महिन्याचा पगार १५,६०० रुपये ठरला आहे, पण पैसे हजेरीप्रमाणे मिळतात. हा आकडा केवळ हिशेबासाठी घेतला आहे. सणांच्या सुट्ट्याही यात धरलेल्या नाहीत. मार्चमध्ये कामगार सगळे २६ दिवस कामावर आला.

पहिली पद्धत २६ ची. १५,६०० ला २६ ने भागले की रोज ६०० रुपये. २६ हजेऱ्यांचे १५,६०० झाले. रविवार वेगळा नाही आणि ठरलेला पगारही पूर्ण मिळाला. हा हिशेब बरोबर.

दुसरी पद्धत ३० ची. १५,६०० ला ३० ने भागले की रोज ५२० रुपये. या दरात रविवार मिसळलेला नाही, म्हणून तो वेगळा द्यावा लागतो. २६ हजेऱ्या आणि पाच रविवार मिळून ३१ दिवसांचे १६,१२० रुपये होतात. हाही हिशेब बरोबर.

तिसरी पद्धत प्रत्यक्षात अनेकांच्या वाट्याला येते. दर काढताना ३० ने भागायचे आणि पैसे देताना फक्त २६ हजेऱ्या मोजायच्या. ५२० गुणिले २६ म्हणजे १३,५२० रुपये. इथे पाच रविवारांचे २,६०० रुपये गेले. "रोजंदारीला रविवार नसतो" हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकायला मिळते. २६ च्या दरावर ते खरे आहे. ३० च्या दरावर ते कामगाराच्या खिशातून पैसे काढणारे आहे.

ओळखायची खूण सोपी. आपला रोजचा दर २६ ने गुणून पाहावा. ठरलेला किंवा अधिसूचनेतला महिन्याचा आकडा आला, तर रविवार दरातच आहे. तो आकडा यायला ३० ने गुणावे लागत असेल, तर रविवार वेगळा मिळायला हवा.

२५ हजेऱ्यांचा महिना

२६ च्या दरावरही एक गोष्ट गैरसमज करून देते. २०२६ चा नोव्हेंबरही १ तारखेच्या रविवारी सुरू होतो. पाच रविवार तसेच, पण दिवस मात्र ३०. कामाचे दिवस उरतात २५. ६०० च्या दराने हातात १५,००० येतात, म्हणजे ठरलेल्या पगारापेक्षा ६०० रुपये कमी. एकही खाडा नसताना पगार कमी आला म्हणून कामगार चिडतो.

पण त्याच वर्षी जुलैमध्ये ३१ दिवस आणि चारच रविवार आहेत. कामाचे २७ दिवस भरतात आणि १६,२०० रुपये मिळतात. २६ ही वर्षाची सरासरी आहे. ती प्रत्येक महिन्याला तंतोतंत बसत नाही, वर्षभरात बसते. म्हणून नोव्हेंबरमधल्या ६०० रुपयांबद्दल भांडण्यात अर्थ नाही. मात्र जुलैत "पगार १५,६०० च ठरलाय" म्हणून २६ हजेऱ्यांवर थांबणारा आणि नोव्हेंबरमध्ये २५ हजेऱ्या मोजणारा ठेकेदार दोन्हीकडून फायदा घेतो. हे पकडायला दोन्ही महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या शेजारी ठेवाव्या लागतात.

खाडा पडला तर

जिथे रविवार वेगळा मिळतो, तिथे तो आपोआप मिळत नाही. त्याच मालकाकडे सलग सहा दिवस काम झालेले असावे लागते. मालकाने दिलेली रजा किंवा सुट्टी, भरपगारी असो वा बिनपगारी, या सहा दिवसांत कामाचा दिवस म्हणून धरली जाते. कामावर हजर झाला, पण काम नाही म्हणून फक्त हजेरीभत्ता देऊन परत पाठवला, तर तो दिवसही मोजला जातो.

वरच्या ५२० च्या दरावर हे पाहू. कामगार बुधवारी, ११ मार्चला, न सांगता घरी राहिला. बुधवारचे ५२० गेले आणि १५ तारखेच्या रविवारचेही ५२० गेले. २५ हजेऱ्या आणि चार रविवार मिळून १५,०८० रुपये झाले. हाच दिवस त्याने आधी विचारून बिनपगारी रजा म्हणून घेतला असता, तर रविवार वाचला असता आणि १५,६०० मिळाले असते. एका खाड्यासाठी महिन्याचे सगळे रविवार कापणे मात्र नियमात बसत नाही. ज्या आठवड्यात खाडा, त्याच आठवड्याचा रविवार जातो.

रजा तोंडी घेतली तर पगाराच्या दिवशी मुकादमाला ती आठवेलच असे नाही. चिठ्ठी किंवा मोबाईलवरचा निरोप जपून ठेवलेला बरा.

महिना रविवारी सुरू झाला की आणखी एक पेच येतो. १ मार्चच्या रविवारचा हक्क २३ ते २८ फेब्रुवारीच्या कामावर ठरतो. जो २ मार्चला नव्याने लागला, त्याला पाच नव्हे, चारच रविवार मिळतील. तसेच ३० आणि ३१ मार्चचे काम ५ एप्रिलच्या रविवारसाठी मोजले जाते. नवा महिना लागला म्हणून सहा दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही.

रविवारी कामावर बोलावले तर

स्लॅब टाकायचा असला की रविवारी बोलावणे येतेच. त्या बदल्यात रविवारच्या आधीच्या किंवा नंतरच्या पाच दिवसांत एक पूर्ण दिवस सुट्टी द्यायला हवी. ही अदलाबदल करताना कामगाराला पूर्ण दिवसाच्या विश्रांतीशिवाय सलग दहा दिवसांपेक्षा जास्त राबवता येत नाही.

५२० च्या दराचा कामगार रविवारी २२ मार्चला आला आणि त्याला बुधवारी २५ ला सुट्टी दिली, तर रविवारचे दुप्पट दराने १,०४० आणि बुधवारचे साधे ५२० असे दोन्ही मिळतात. महिन्याची बेरीज १६,६४० होते. रविवारची साधी हजेरी मांडून बुधवार बिनपगारी ठेवला, तर बदली सुट्टी दिल्याचे नुसते नाव होते.

कारखान्यात काम करणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायदा १९४८ चे कलम ५२ आठवड्याची सुट्टी देत होते, पण त्या दिवसाच्या पगाराबद्दल बोलत नव्हते. पगाराचा प्रश्न तिथेही किमान वेतनाच्या नियमांवर आणि अधिसूचनेवरच सुटतो.

नवी संहिता आणि तक्रार

वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्या कलम १३ मध्ये सात दिवसांतून एक विश्रांतीचा दिवस, त्याचे वेतन आणि त्या दिवशी काम केल्यास जादा दर, या तिन्ही गोष्टींची तरतूद आहे. जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तिथवर ते कलम ६९ ने जपले आहेत. थकलेल्या वेतनाचा दावा करायला पूर्वी किमान वेतन कायद्यात सहा महिन्यांची मुदत होती. संहितेच्या कलम ४५ नुसार ती आता तीन वर्षे आहे.

केंद्राच्या अखत्यारीतल्या कामाची तक्रार केंद्रीय कामगार अंमलबजावणी अधिकाऱ्याकडे करायची, इतर कामांची ज्या राज्यात साईट आहे त्या राज्याच्या कामगार खात्याकडे. कामगार कोल्हापूर जिल्ह्यातला आणि साईट बेळगावला असेल, तर कर्नाटकाचाच दर आणि कर्नाटकाचेच कार्यालय.

जाताना वेतनचिठ्ठी, स्वतः लिहिलेली तारीखवार हजेरी आणि लागू असलेल्या अधिसूचनेची प्रत सोबत ठेवावी. अधिसूचनेत दोनच गोष्टी शोधायच्या: रोजचा दर कशाने भागून आला आहे आणि त्यात साप्ताहिक सुट्टीचे वेतन धरले आहे का. मस्टरवर रविवारपुढे काय लिहिले आहे, हेही सही करण्याआधी पाहावे. तिथे 'साप्ताहिक सुट्टी' ऐवजी 'गैरहजर' लिहिलेले असेल, तर ती नोंद त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावी.