दमास्कस पोलादावरच्या लाटा कुठून येतात? आणि ते खरंच जास्त मजबूत असतं का?

ऑनलाइन ‘दमास्कस’ सुरी शोधली की पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. पण या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

प्रकार १: पॅटर्न वेल्डिंग

आज मिळणारी बहुतेक ‘दमास्कस’ पाती या प्रकारची असतात. यात दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून, तापवून, घणाने ठोकून जोडतात. मग ती लादी दुमडून पुन्हा ठोकतात. ७ थरांपासून सुरुवात केली, तर ५ घड्यांनंतर २२४ थर होतात. पातं तयार झालं की ते फेरिक क्लोराइडमध्ये बुडवतात. साधं पोलाद काळवंडतं, निकेल असलेलं चकचकीत राहतं आणि नक्षी उठून दिसते.

प्रकार २: वुट्झ

हे खरं ऐतिहासिक पोलाद. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत ते बनायचं. कानडीतल्या ‘उक्कू’ या शब्दावरून ‘वुट्झ’ आलं असं मानतात. मातीच्या मुशीत लोखंड आणि लाकूड किंवा पानं घालून तोंड बंद करायचे आणि लोखंड वितळेपर्यंत भट्टीत तापवायचे. लाकडातला कार्बन लोखंडात शिरून साधारण १.५ टक्क्यापर्यंत जायचा.

इथे थर जोडलेले नसतात, नक्षी पोलादाच्या आतच तयार होते. संशोधक व्हरहोवन आणि लोहार पेंड्रे यांनी दाखवलं, की धातूकात अत्यल्प व्हॅनेडियमसारखी अशुद्धी असेल, तर कमी तापमानावर पुन्हा पुन्हा ठोकताना सिमेंटाइटचे (लोखंड आणि कार्बनचं कठीण संयुग) कण रांगा धरतात. त्या रांगा म्हणजेच लाटा. लोहाराने जास्त तापवलं, तर हे कण विरघळतात आणि नक्षी गायब!

मग मजबूत कोण?

त्या काळच्या साध्या लोखंडात मळीचे कण अडकलेले असायचे. वुट्झ पूर्ण वितळल्यामुळे मळी वर तरंगायची आणि पोलाद एकजिनसी मिळायचं. म्हणून त्याची धार नाव काढायची. पण इतक्या कार्बनमुळे ते ठिसूळही असू शकतं. व्हरहोवन यांच्या धार-चाचण्यांत नीट कडक केलेल्या आधुनिक पोलादाची धार वुट्झपेक्षा थोडी जास्त टिकली; दोन्ही पोलादं मऊ ठेवली, तेव्हा मात्र वुट्झ किंचित पुढे होतं.

पॅटर्न वेल्डिंगची ताकद मात्र त्यात वापरलेल्या पोलादावर आणि जोडावर ठरते. जोड नीट बसला नाही, तर तिथेच भेग पडते. नुसते थर वाढवून पातं मजबूत होत नाही.

नक्षी खरी की छापलेली?

पात्याचा छोटा भाग पॉलिश पेपरने घासा आणि तिथे पुन्हा फेरिक क्लोराइड लावा. थर खरे असतील, तर नक्षी परत येईल. लेझरने कोरलेली असेल, तर ती परत येणार नाही.