धुई आणि धूर

थंडीत केळी वाचवायला रात्री बागेत धूर करायची रीत अर्धापुरात जुनी आहे. आमचे आबा सांगायचे, आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की समजायचं, आज कडाका आहे. पारा दहा अंशांखाली उतरला की केळीची वाढ खुंटते, पानं पिवळी पडतात. म्हणून बागेला विहिरीचं पाणी सोडायचं, बांधाबांधावर ओल्यासुक्या काडीकचऱ्याचे लहान ढीग घालायचे आणि पहाटे पेटवायचे. "होळीवानी एकच मोठा जाळ करू नका, ऊब वर निघून जाती," हे त्यांचं ठाम सांगणं.

धूर पांघरुणासारखा बागेवर बसतो आणि ऊब धरतो, असं आबा मानत. भूगोल शिकवणाऱ्या माझ्या चुलतभावाला हे निम्मंच पटतं. अशा रात्री जमीन आपली उष्णता भराभर आकाशात सोडते. तिला टेकलेली हवा गार, जड होऊन खालीच राहते आणि ऊबदार हवा तिच्या वर. ऊब अडते ती या वरच्या थराखाली. धूर तिला फारसा धरत नाही. लहान जाळाची गरम हवा तिथवर चढते, अडते, बागेतच फिरते; मोठा जाळ थर भेदून निघून जातो. आबांचं कारण चुकलं, पण रीत पक्की होती.

मात्र जी हवा ऊब अडवते, तीच धूरही अडवते. जानेवारीत सांजवेळी शिवारात पाहा. पेटलेल्या पाचटाचा धूर उभा चढतो आणि कुठेतरी थबकून आडवा पसरतो. आबांच्या काळी तो बागेचा न् चुलीचाच असायचा. आता फडातल्या पाचटाचा आणि नागपूर रस्त्यावरच्या ट्रकांचा धूर त्यात मिळतो. इसापूरच्या कालव्याने शिवारात ओल आहेच. पहाटे ती धुराच्या कणाकणावर धरते, बारीक थेंबांची दाट धुई होते आणि समोरची गाडीही दिसत नाही.

लंडनमध्ये 5 ते 9 डिसेंबर 1952 ला असाच थर कोळशाच्या धुरावर बसून राहिला आणि निदान चार हजार माणसं दगावली. आपल्याकडे तो बहुधा ऊन चढल्यावर मोडतो.

 

पण तोवर दिवस मावळताना पेटवलेल्या पाचटाचा धूर रात्रभर गावातच राहतो, लेकराबाळांच्या छातीत जातो. केळीसाठी कडाक्याच्या पहाटे लहान जाळ करावा लागला तर करा, पण उसाचं पाचट पेटवू नका. त्याची कुट्टी करून सरीत दाबा.