टेबल लॅम्प, मुलांच्या अभ्यासाचा

मुलांच्या वाचन-लेखनासाठी टेबलावर लावायचा, हवा तसा वळवता येणारा दिवा. आज तो बहुधा एलईडीचा असतो, आणि निवडताना त्याची लुकलुक सर्वांत आधी तपासावी.

भारतात घरगुती वीज ५० हर्ट्झची असते. दिव्यातील मंडळ साधे असेल, तर एलईडीचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. पुरेसा मोठा कपॅसिटर हे चढउतार भरून काढतो, आणि स्वस्त दिव्यांत काटकसर बरेचदा तिथेच केलेली असते. ही लुकलुक सहसा दिसत नाही; तरी काहींचे डोके दुखते, डोळे थकतात. काही दिव्यांत उजेड मंद करण्यासाठीही एलईडी झपाट्याने चालू-बंद केला जातो. यूएसबीवर चालणाऱ्या दिव्यातही हे घडू शकते. म्हणून दिवा पूर्ण उजेडावर पाहून थांबू नये, सर्वांत मंद पायरीवरही पाहावा. खोलीतले बाकी दिवे बंद करून त्याच्या उजेडात पेन्सिल जोरात डावी-उजवीकडे हलवावी. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. सुट्या पेन्सिलींची रांग दिसली तर दिवा परत करावा. खोक्यावरच्या ‘फ्लिकर-फ्री’ शिक्क्यापेक्षा ही परीक्षा अधिक भरवशाची.

रंग-तापमानासाठी ४००० केल्विनच्या आसपासचा पांढरा उजेड अभ्यासाला चांगला. ६५०० केल्विनचा निळसर उजेड रात्री नको. झोपेआधीच्या वाचनाला ३००० केल्विनचा पिवळसर बरा.

हात आणि बैठक यांचा निर्णय टेबल पाहूनच होतो. समजा, टेबल ९० सेंमी रुंद, ४५ सेंमी खोल आणि भिंतीला टेकलेले आहे. ए-४ आकाराचे उघडे पुस्तक आणि तशीच उघडी वही शेजारी ठेवली की ८४ सेंमी रुंदी संपते. मग १८ सेंमी व्यासाची बैठक वहीवरच येणार. इथे क्लॅम्पच हवा. मूल उजव्या हाताने लिहीत असेल तर तो डाव्या कडेला लावावा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. आधी फळीची जाडी मोजावी, खाली पट्टी किंवा ड्रॉवर आडवा येतो का तेही पाहावे. पार्टिकल बोर्डची कड दाबाने फुटते. दोन्ही बाजूंना प्लायवुडचा तुकडा घालावा.

कडेवरून वहीपर्यंत पोचायला दोन सांध्यांचा स्प्रिंगचा हात उत्तम. ही रचना इंग्लंडच्या जॉर्ज कारवर्डाइन यांनी १९३०च्या दशकात घडवली. लहान मुलांसाठी स्प्रिंग झाकलेली असावी, नाहीतर बोट चिमटते. लवचीक नळीची मान स्वस्त पडते, पण लांब केली की हळूहळू खाली झुकते. दिव्याच्या टोपीची खालची कड बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या पातळीखाली ठेवावी, म्हणजे एलईडी थेट डोळ्यांत येत नाही.

काचेच्या टेबलाला क्लॅम्प लावू नये. तिथे, आणि रोज घडी करून ठेवायच्या टेबलावर, जड बैठकीचाच दिवा घ्यावा.