दोन याद्या एकमेकींच्या किती उलट आहेत? फांदीफांदीवर आकडा लिहिलेलं झाड हे मोजतं कसं

समजा तुम्ही आणि तुमची मैत्रीण नाश्त्याच्या सहा पदार्थांना आवडीप्रमाणे नंबर द्यायला बसलात. तुमची यादी अशी: मिसळ, वडापाव, पोहे, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी आणि शेवटी उपमा. यांना आपण १ ते ६ नंबर देऊ.

मैत्रिणीची यादी मात्र थालीपीठ, वडापाव, उपमा, मिसळ, खिचडी, पोहे अशी निघाली. ती तुमच्या नंबरांमध्ये लिहिली की होते ४, २, ६, १, ५, ३.

आता प्रश्न असा की तुमच्या दोघींची आवड नेमकी किती वेगळी आहे? त्यासाठी एक साधा हिशोब आहे. यादीतली कुठलीही जोडी घ्या. मोठा नंबर आधी आणि लहान नंबर नंतर आला असेल, तर त्या जोडीवरून तुमचं भांडण आहे. ४ च्या नंतर २ आला म्हणजे तुम्हाला वडापाव जास्त आवडतो आणि तिला थालीपीठ. अशा उलट्या जोडीला म्हणतात इन्व्हर्जन. मॉरिस केंडल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये दोन क्रमवाऱ्यांचं साम्य मोजायची जी पद्धत मांडली, तिच्या मुळाशी याच जोड्या आहेत.

सहा पदार्थांच्या १५ जोड्या होतात, त्या बोटांवर तपासता येतील. पण यादीत २ लाख आकडे असतील तर? जोड्या होतात जवळपास २,००० कोटी. प्रत्येक जोडी तपासत बसलो तर कॉम्प्युटरलाही घाम फुटेल. म्हणून प्रश्न जरा वळवून विचारायचा: यादी डावीकडून वाचताना, प्रत्येक नव्या आकड्याच्या आधी त्याच्यापेक्षा मोठे किती जण येऊन गेलेत? ही सगळी उत्तरं मिळवली की इन्व्हर्जन मोजून झाले.

आणि इथे कामाला येतं सर्च ट्री. नियम एकच, लहान आकडा डावीकडे जाणार आणि मोठा उजवीकडे. पण नुसत्या झाडाने भागत नाही. "माझ्या उजवीकडे मोठे आकडे आहेत" एवढं त्याला कळतं, किती आहेत ते कळत नाही. ते मोजायला फांद्यांमध्ये शिरलं की सगळा फायदा गेला. म्हणून प्रत्येक नोडवर एक जादा आकडा लिहून ठेवायचा: मी धरून माझ्याखाली एकूण किती जण आहेत. हा त्याचा साईज.

आता आपली यादी झाडात घालू. ४ पहिला आला, तो रूट झाला. २ आला, तो ४ पेक्षा लहान म्हणून डावीकडे गेला. डावीकडे वळताना मनाशी म्हणायचं, "हा ४ माझ्यापेक्षा मोठा, शिवाय त्याच्या उजवीकडचे सगळेच मोठे." उजवीकडे अजून कोणी नाही, म्हणून मोजणी १. मग ६ आला, सरळ उजवीकडे गेला. उजवीकडे वळताना काहीच मोजायचं नाही, कारण मागे राहिलेले सगळे लहान आहेत. मोजणी ०.

१ आला. रूटपाशी डावीकडे वळताना ४ स्वतः आणि त्याच्या उजवीकडचा ६, असे २ मिळाले. पुढे २ पाशी पुन्हा डावीकडे, तिथे आणखी १. एकूण ३. मग ५ आला. तो ४ च्या उजवीकडे गेला, तिथे ६ भेटला, त्याच्या डावीकडे वळला. मोजणी १.

आता शेवटचा ३ बघा, खरी गंमत इथे आहे. तो रूटपाशी डावीकडे वळला. ४ च्या उजव्या फांदीवर साईज लिहिलाय २, म्हणजे ६ आणि ५. फांदीत न डोकावता एका झटक्यात १ + २ = ३ मोजून झाले. पुढे २ च्या उजवीकडे गेला, तिथे काही नाही.

बेरीज करा: ० + १ + ० + ३ + १ + ३ = ८. पंधरापैकी आठ जोड्यांवर मतभेद! म्हणजे तिने चिठ्ठ्या टाकून यादी केली असती, तरी साधारण एवढंच जुळलं असतं.

पायथॉनमध्ये याचा गाभा एवढाच आहे:

```python
while node:
    parent = node
    node.size += 1
    if x < node.val:
        count += 1 + (node.right.size if node.right else 0)
        node = node.left
    else:
        node = node.right
```

लूप संपल्यावर नवा नोड `parent` ला जोडायचा. त्याचा स्वतःचा साईज १. रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकाचा साईज एकने वाढतोय याकडे लक्ष द्या, कारण नवा पाहुणा त्यांच्याच खाली जाऊन बसणार आहे.

`x < node.val` मधलं ते एक चिन्हही जपायचं. तिथे चुकून `<=` लिहिलं तर ५, ५ अशी सारख्या आकड्यांची जोडीही उलटी म्हणून मोजली जाते. सगळे आकडे सारखे असलेली यादी देऊन बघा. उत्तर शून्य आलं नाही तर घोळ इथेच आहे.

आता दुसरी अडचण. यादी आधीच क्रमाने लावलेली असेल तर? इन्व्हर्जन शून्य, म्हणजे सगळ्यात सोपी केस वाटते ना? उलट हीच सगळ्यात वाईट. प्रत्येक आकडा आधीच्याच्या उजवीकडे लटकत जातो आणि झाडाची होते लांबलचक साखळी. २ लाखावा आकडा घालायला जवळपास २ लाख पायऱ्या उतराव्या लागतात. हाच कोड रिकर्शनने लिहिला असेल, तर पायथॉन एक हजाराच्या आसपासच `RecursionError` देऊन मोकळा होतो.

उपाय म्हणजे झाड स्वतःला तोलत राहील असं करायचं. यातलं सगळ्यात जुनं एव्हीएल ट्री, अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस या सोव्हिएत गणितज्ञांनी १९६२ मध्ये मांडलेलं. एक बाजू जड झाली की ते नोड फिरवून घेतं. २ लाख आकड्यांनाही त्याची उंची साधारण २५ च्या आतच राहते. म्हणजे काम २,००० कोटींवरून ५० लाख पायऱ्यांच्या आत आलं.

पण फिरवताना साईज नव्याने लिहावे लागतात, आणि बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. १, २, ३ ची साखळी घ्या. साईज आहेत ३, २, १. फिरवल्यावर २ वर येतो, १ त्याच्या डावीकडे आणि ३ उजवीकडे. आधी खाली गेलेल्या १ चा साईज दुरुस्त करायचा (तो आता १), मग वरच्या २ चा (१ + १ + १ = ३). क्रम उलटा केला तर २ हा १ चा जुना साईज ३ धरून हिशोब करतो आणि येतात ५. तीन जणांच्या झाडात पाच माणसं! प्रोग्रॅम मात्र बिनतक्रार चालतो, फक्त उत्तर चुकतं. म्हणून प्रत्येक आकडा घातल्यावर रूटचा साईज आतापर्यंत घातलेल्या आकड्यांइतकाच आहे ना, ते बघायचं. शिवाय आठ-दहा आकड्यांच्या याद्या घेऊन जोडी-जोडी तपासणाऱ्या बावळट पद्धतीशी उत्तर ताडून बघायचं.

सी प्लस प्लस वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. `std::set` आतून तोललेलं झाडच असतं, पण त्यात साईज लिहिलेले नसतात. म्हणून `std::distance` ने मोजायला गेलात तर तो एकेक नोड चालत बसतो. आणि एकूण बेरीज साध्या `int` मध्ये ठेवू नका. पूर्ण उलटी यादी असेल तर ६५,५३७ आकड्यांनाच तो भरून वाहतो. `long long` घ्या.

खरं सांगायचं तर सगळी यादी आधीच हातात असेल, तर मर्ज सॉर्टने हेच काम कमी ओळींत होतं आणि मी तरी तेच लिहीन. झाडाची खरी गरज पडते ती आकडे एकेक करून येत असतील आणि प्रत्येक वेळी "आतापर्यंत किती?" हे लगेच सांगायचं असेल तेव्हा. मर्ज सॉर्टला नवा आकडा आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. झाडाला फक्त एकदा वरून खाली उतरावं लागतं.