अ‍ॅपवर बॅटरी 100 टक्के, मग शेतातला सेन्सर अचानक बंद कसा पडतो?

द्राक्षबागेत मातीतला ओलावा मोजणारी छोटी पेटी तुम्ही पाहिली असेल. खांबाला टांगलेली, वर एक अँटेना, आणि आत बहुतेक वेळा पेन्सिल सेलच्या आकाराची एकच बॅटरी. दर पंधरा मिनिटांनी ती मातीचा ओलावा मोजते, आकडा रेडिओने पाठवते आणि पुन्हा झोपते. तंत्रज्ञांच्या भाषेत या पेटीला सेन्सर नोड म्हणतात.

अ‍ॅपमध्ये या नोडची बॅटरी दोन-दोन वर्षं 100 टक्के दिसते. नंतर आठवड्याभरात ती 60 होते, 20 होते आणि नोड गप्प होतो. हे नेमकं गोडी छाटणी आणि काढणीच्या मधे घडलं, तर पाणी किती द्यायचं हा अंदाज ऐन हंगामात जातो. बॅटरी खोटं बोलत नसते. तिला विचारलेला प्रश्न चुकीचा असतो.

व्होल्टेज बघून का कळत नाही?

घरातल्या गॅस सिलिंडरचं उदाहरण घ्या. सिलिंडर भरलेला असो की पाव उरलेला, शेगडीची ज्योत सारखीच दिसते. आत थोडा जरी द्रवरूप गॅस असला तरी दाब जवळपास तोच राहतो. द्रव संपला की ज्योत झपाट्याने लहान होते. म्हणून आपण ज्योतीवर विसंबत नाही, सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवतो.

अशा नोडमध्ये बऱ्याचदा लिथियम थायोनिल क्लोराइड प्रकारचा 3.6 व्होल्टचा सेल असतो. तो चार्ज होत नाही, पण अनेक वर्षं टिकतो. त्याचं वागणं या ज्योतीसारखंच असतं. वापर वाढत जाईल तसा व्होल्टेज कसा उतरतो याचा आलेख काढला, तर त्याला डिस्चार्ज कर्व्ह म्हणतात. या सेलचा आलेख म्हणजे लांबलचक सपाट पठार आणि शेवटी एकदम कडा. आयुष्याचा बहुतांश काळ व्होल्टेज 3.6 च्या आसपास रेंगाळतो.

साधा अल्कलाइन पेन्सिल सेल असा नसतो. तो 1.6 व्होल्टच्या आसपास सुरू होऊन 0.9 पर्यंत हळूहळू उतरत जातो, म्हणून तिथे व्होल्टेजवरून बरा अंदाज लागतो. मोबाइलमधल्या लिथियम-आयनलाही उतार आहे. म्हणजे व्होल्टेज हे मोजमाप वाईट नाही, पण आधी सेल कोणता हे माहीत हवं.

गोंधळ इथेच होतो. लोरावॅन या रेडिओ पद्धतीत नोड आपली बॅटरी एका आकड्यात कळवू शकतो: 1 म्हणजे संपत आलेली, 254 म्हणजे भरलेली, 0 म्हणजे बाहेरून वीज मिळते आणि 255 म्हणजे मोजता आलं नाही. हा आकडा काढायचा कसा, हे मात्र नोड बनवणाऱ्यावर सोडलं आहे. सोपा मार्ग म्हणजे 2 व्होल्टला शून्य टक्के, 3.6 ला शंभर आणि मधे सरळ रेघ. या हिशेबाने 3.5 व्होल्टला 94 टक्के दिसतात. प्रत्यक्षात तेव्हा सेल कड्याच्या टोकाशी आलेला असू शकतो.

मग तारीख लिहून ठेवायची

सिलिंडरच्या तारखेचं बॅटरीतलं रूप म्हणजे कूलॉम काउंटिंग. सेलमधून किती विद्युतप्रभार बाहेर गेला याची बेरीज करत राहायची आणि ती सुरुवातीच्या साठ्यातून वजा करायची. एक अँपिअर प्रवाह एक सेकंद वाहिला की एक कूलॉम. मोबाइलच्या जाहिरातीत 5000 एमएएच लिहिलेलं असतं, ते याच गोष्टीचं मोठं माप.

निफाड तालुक्यातल्या एखाद्या बागेत असा नोड आहे असं समजू. सेलवर 2600 एमएएच लिहिलंय. झोपेत नोड 8 मायक्रोअँपिअर खातो, म्हणजे दिवसाला साधारण 0.19 एमएएच. जागा झाल्यावर सेन्सर एक सेकंद 12 मिलीअँपिअर घेतो, मग रेडिओ दीड सेकंद 40 मिलीअँपिअर घेतो आणि उत्तर ऐकण्यासाठी थोडासा आणखी खर्च होतो. एका फेरीत मिळून 75 मिलीकूलॉम. दिवसात अशा 96 फेऱ्या, म्हणजे 2 एमएएच. शिवाय सेल काहीही न करता स्वतःहून थोडा झिजतो. ते वर्षाला एक टक्का धरलं तर दिवसाला 0.07. एकूण रोजचा खर्च 2.26 एमएएच.

नोड दोन वर्षांपूर्वीच्या गोडी छाटणीला, ऑक्टोबरात लावला होता. 730 दिवसांत 1650 एमएएच गेले. 2600 मधून वजा केले तर 950 उरतात, म्हणजे अजून वर्षभराची चिंता नाही?

इथे थांबायला हवं. सेलवरचा आकडा कंपनीने साधारण 20 अंश तापमानात, ठरावीक मंद प्रवाह सलग घेऊन काढलेला असतो. आपला नोड उन्हात तापलेल्या डब्यात आहे आणि तो सलग नव्हे, झटक्यांनी प्रवाह ओढतो. म्हणून लिहिलेल्यापैकी 80 टक्केच हाताशी आहेत असं धरणं शहाणपणाचं. मग 2080 वजा 1650 म्हणजे 430 एमएएच, 190 दिवसांचा साठा.

आता त्या 1650 मध्ये दहा टक्क्यांची चूक असू शकते असं माना. म्हणजे 165 एमएएच इकडे-तिकडे, दिवसांत 73. नोड 117 दिवसही चालेल किंवा 263. छाटणीपासून काढणीपर्यंत चारेक-पाच महिने, म्हणजे 150 दिवस धरले, तर हा सेल हंगामाच्या मधेच संपण्याची शक्यता खरी आहे. निर्णय सोपा होतो: सेल आत्ताच बदला. व्होल्टमीटर मात्र यावेळीही निवांत 3.6 दाखवत असेल.

मोजणीही चुकते

दहा टक्के चूक येते कुठून? सर्वांत मोठा चोर म्हणजे रेडिओ. नोड गेटवेपासून दूर असेल तर संदेश सावकाश पाठवावा लागतो. लोरावॅनमध्ये या वेगाच्या पायऱ्या आहेत. त्यांना स्प्रेडिंग फॅक्टर म्हणतात आणि त्या 7 ते 12 अशा मोजतात. लहानसा संदेश पाठवायला बाराव्या पायरीवर दीड सेकंद लागतो, सातव्या पायरीवर सेकंदाचा सोळावा भाग. वरच्या हिशेबात आपण दीड सेकंद धरला. तोच नोड सातव्या पायरीवर असता, तर रोजचा खर्च 2.26 ऐवजी 0.73 आला असता. पानं दाट झाली की सिग्नल कमजोर होतो आणि नोड स्वतःहून वरच्या पायरीवर जाऊ शकतो. त्यामुळे नुसते दिवस मोजून भागत नाही. प्रत्येक वेळी रेडिओ किती वेळ चालू होता, हे सॉफ्टवेअरने लिहून ठेवायला हवं.

मग प्रवाह थेटच का मोजू नये? सेलच्या वाटेत 0.1 ओहमचा रोधक टाकायचा आणि त्यावरचा व्होल्टेज बघायचा. रेडिओ चालू असताना तिथे 4 मिलीव्होल्ट मिळतात, ते सहज मोजता येतात. पण झोपेत मिळतात 0.8 मायक्रोव्होल्ट. मोजणाऱ्या चिपमध्ये फक्त 10 मायक्रोव्होल्टची कायमची चूक असेल, तर तिला झोपेतही 100 मायक्रोअँपिअर वाहताहेत असं वाटतं. दिवसाला 2.4 एमएएच, म्हणजे नोडच्या खऱ्या खर्चापेक्षाही जास्त! म्हणून अनेक नोडमध्ये झोपेचा प्रवाह प्रयोगशाळेत एकदाच नीट मोजतात आणि पुढे फक्त वेळ मोजतात. माझ्या मते लहान नोडसाठी हाच मार्ग बरा.

मोबाइलला इथे एक सवलत असते. तो रोज पूर्ण चार्ज होतो, तेव्हा मोजणीत साचलेली चूक पुसली जाते. आपला सेल पुन्हा कधीच भरत नाही, त्यामुळे चूक वर्षानुवर्षं साठत जाते.

आणखी एक गंमत. मोजलेली बेरीज चिपच्या तात्पुरत्या मेमरीत असेल आणि नोड मधेच रीस्टार्ट झाला, तर हिशेब शून्यापासून सुरू होतो. कोणीही सेल बदलला नसताना बॅटरी 40 टक्क्यांवरून 100 झालेली दिसली, तर बहुधा हेच झालेलं असतं. उपाय म्हणजे दिवसातून एकदा ती बेरीज कायमच्या मेमरीत लिहिणं. उलट प्रकारही होतो: सेल नवा घातला, पण नोडला कोणी सांगितलंच नाही.

व्होल्टेज शेवटी कामाला येतो

पठारावर निरुपयोगी असलेला व्होल्टेज कड्याजवळ मात्र खूप काही सांगतो. फक्त तो झोपेत न मोजता रेडिओ चालू असताना मोजायचा. सेल म्हातारा झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, आणि 40 मिलीअँपिअर ओढताच व्होल्टेज आधीपेक्षा खोल बुडी मारतो. निवांत असताना 3.6 दाखवणारा सेल संदेश पाठवताना 3 च्याही खाली जाऊ लागला, तर कडा जवळ आला असं समजायचं.

पण बुडी दुसऱ्या कारणांनीही खोल होते. एक म्हणजे थंडी. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकडी होतो, आणि थंड सेलचा रोध जास्त असतो. पहाटेचा आकडा बघून घाबरायचं नाही, तो दुसऱ्या पहाटेशीच ताडून बघायचा. दुसरं कारण नवेपणा. या सेलमध्ये लिथियमवर लिथियम क्लोराइडचा पातळ थर बसतो. तो सेलला साठवणुकीत झिजू देत नाही, पण बराच काळ पडून राहिलेल्या सेलकडून अचानक प्रवाह मागितला की हाच थर अडवतो. कधीकधी कोराकरकरीत सेल घातल्यावर नोड पहिल्या संदेशालाच रीस्टार्ट होतो तो यामुळे. थोडा वापर झाला की थर मोडतो आणि व्होल्टेज सावरतो. म्हातारा सेल तसा सावरत नाही, त्याची बुडी आठवड्यागणिक वाढतच जाते.

म्हणून चांगला नोड दोन्ही पद्धती जोडतो. पठारावर मोजणीवर विश्वास ठेवायचा. सारख्या तापमानातली बुडी सलग काही दिवस वाढताना दिसली, की मोजणी काहीही म्हणो, शिल्लक दहा टक्क्यांच्या आसपास आणून ठेवायची. एकाच वाचनावरून मात्र हे करायचं नाही.

काढलेल्या जुन्या सेलवरून आपला हिशेब किती खरा होता, हेही तपासता येतं. त्याला 1800 ओहमचा रोधक जोडला की साधारण 2 मिलीअँपिअर वाहतात. व्होल्टेज 2 च्या खाली जायला किती तास लागले ते मोजायचं. आपल्या 430 एमएएचच्या अंदाजाने सुमारे 215 तास, म्हणजे नऊ दिवस लागायला हवेत. हा सेल चार्जरला लावायचा नाही, फोडायचा नाही, आगीत टाकायचा नाही. तो ई-कचऱ्यातच द्यायचा. पाचच दिवसांत संपला, तर बागेतल्या बाकीच्या नोडसाठी 80 टक्के नव्हे, साधारण 73 टक्के धरून हिशेब पुन्हा मांडायचा.