उजव्या बाहीवरच्या दोन खुणा

अलिबागच्या इस्राएल आळीतल्या एका जुन्या घराच्या चौकटीवर मला काही वर्षांपूर्वी खिळ्यांची दोन भोके दिसली. ती एकाखाली एक होती आणि त्यांच्यामधली लाकडाची पट्टी आजूबाजूपेक्षा उजळ होती. इथे पूर्वी एखादे यंत्र ठोकलेले असावे, असे मी एका लेखात लिहून टाकले. लेख वाचून एका वृद्ध बेने इस्राएल गृहस्थांचा फोन आला. ते म्हणाले, “यंत्र नव्हे हो, तो मेझुझा. आत फक्त मजकूर असतो. तो काय आहे ते आधी बघा, मग लिहा.” त्या चुकीमुळे मी या विषयाकडे वळलो.

बाहेरून दिसते ती केवळ डबी असते. मेझुझा म्हणजे खरे तर आत गुंडाळून ठेवलेले चर्मपत्र. त्यावर बायबलच्या अनुवाद या पुस्तकातले दोन उतारे हिब्रूत, हाताने लिहिलेले असतात. एकूण २२ ओळी आणि ७१३ अक्षरे. पहिला उतारा ‘शेमा’, म्हणजे ‘ऐक’, या शब्दाने सुरू होतो आणि देव एकच असल्याची साक्ष देतो. ही वचने हातावर बांधा, डोळ्यांच्या मध्ये ठेवा, दाराच्या चौकटीवर लिहा, अशी आज्ञाही त्यातच आहे. म्हणजे दारावरचा मजकूर तो दारावर का आहे हे स्वतःच सांगतो.

लेखनाचा नियम कडक आहे. अक्षरे क्रमानेच लिहावी लागतात. समजा, लेखकाने तिसऱ्या ओळीतले एक अक्षर गाळले आणि ते बावीस ओळी संपल्यावर लक्षात आले. ते मागाहून भरता येत नाही, कारण मग ते आपल्या क्रमात लिहिले गेले असे होत नाही. सगळे चर्मपत्र बाद होते. दमट हवेत शाई उडते, तडकते. म्हणून घरगुती मेझुझा सात वर्षांत दोनदा उघडून तपासायची रीत आहे. बाद झालेला कचऱ्यात टाकत नाहीत, त्याचे दफन करतात.

तेफिलीनमध्ये हेच दोन उतारे असतात आणि निर्गम पुस्तकातले आणखी दोन. चामड्याच्या काळ्या चौकोनी पेट्या दोन. हाताच्या पेटीत चारही उतारे एकाच चर्मपत्रावर असतात, डोक्याच्या पेटीत चार कप्प्यांत चार वेगळी पत्रे. शनिवार आणि मोठे सण सोडून सकाळच्या प्रार्थनेला पुरुष त्या बांधतात. आधी हाताची, कमी वापराच्या हाताच्या दंडावर, हृदयाकडे कललेली. तिचा पट्टा कोपराखाली सात वेळा गुंडाळतात. मग डोक्याची, कपाळावर नव्हे तर केसांची रेषा जिथे सुरू होते त्याच्या वर. सोडताना क्रम उलटा.

हे अनोळखी माणसाच्या नजरेत भरणारच. जानेवारी २०१० मध्ये न्यूयॉर्कहून लुईव्हिलला जाणाऱ्या विमानात एका तरुणाने तेफिलीन बांधले. पट्टे आणि पेट्या पाहून शंका घेतली गेली आणि विमान फिलाडेल्फियाला उतरवले. तो फक्त प्रार्थना करत होता. मीही चौकटीवर यंत्र पाहिलेच होते की!

आमच्या कोकणात बेने इस्राएल तेल्याचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्या परंपरेनुसार हिब्रू वाचन विसरले गेले, पण शेमाचे आरंभीचे शब्द तोंडी टिकून राहिले. चर्मपत्रावरचा पहिला शब्द आणि या लोकांच्या जिभेवर उरलेला शब्द एकच होता. दारावर तोरण, शुभ-लाभ लावणाऱ्या शेजाऱ्याला मेझुझा दिसला, तर तो आपल्यासारखाच शुभचिन्ह समजणार हेही ओघाने आलेच.

आता त्या भोकांकडे पुन्हा पाहतो. मेझुझा घरात शिरताना उजव्या हाताच्या बाहीवर, चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागात, पण त्या भागाच्या तळाशी लावतात. चौकट सहा फुटांची धरली तर उंबऱ्यापासून चार फुटांच्या जरा वर. अश्केनाझी तिरका लावतात, सेफार्दी सहसा उभा. मी टेप लावून मोजले. भोके उजव्या बाहीवर होती, उंचीही जुळली. खिळे एकाखाली एक, म्हणजे डबी उभी होती. १९४८ नंतर अनेक कुटुंबे इस्राएलला गेली. घर बिगर-यहुदी माणसाकडे जात असेल तर त्याची विटंबना होऊ नये म्हणून मेझुझा काढून घ्यावा, असा नियम आहे. पुढचा रहिवासी यहुदी असेल तर तो काढायचा नसतो. डबी कुणी काढली ते भोके सांगत नाहीत. पण ती जाणूनबुजून, नियम पाळून काढली असणे शक्य आहे, आणि तेवढेच मी दुसऱ्या लेखात लिहिले.