सीमॉस इन्व्हर्टरचा प्रसारण विलंब

सीमॉस इन्व्हर्टरचा प्रसारण विलंब म्हणजे इन्व्हर्टरच्या आदानाची पातळी बदलल्यापासून त्याच्या प्रदानाची पातळी बदलेपर्यंत लागणारा वेळ होय. हा वेळ आदान आणि प्रदान या दोन्हींचे विद्युत्दाब पुरवठा-दाबाच्या निम्म्यावर येतात त्या क्षणांमध्ये मोजतात. प्रदान वरून खाली येताना लागणारा विलंब tpHL आणि खालून वर जाताना लागणारा विलंब tpLH या चिन्हांनी दाखवतात. दोन्हींच्या सरासरीला tp म्हणतात. हे दोन विलंब सहसा सारखे नसतात. ते सारखे करण्यासाठी ट्रान्झिस्टरांच्या रुंदीचे प्रमाण बदलले जाते. मात्र दोन्ही विलंब समान झाले म्हणजे परिपथ अधिक वेगवान झाला, असे नेहमी घडत नाही.

## रचना व विलंबाचे कारण

सीमॉस रचना १९६३ मध्ये फेअरचाइल्ड या कंपनीत फ्रँक वॉनलास व सी. टी. साह यांनी मांडली. तिच्या इन्व्हर्टरमध्ये दोन ट्रान्झिस्टर असतात. वरचा पी-मॉस प्रदानाला पुरवठ्याशी जोडतो, तर खालचा एन-मॉस त्याला भूमीशी जोडतो. स्थिर अवस्थेत दोहोंपैकी एकच चालू असतो.

प्रदानावर नेहमी काही धारिता असते. पुढील इन्व्हर्टरचे गेट, याच इन्व्हर्टरचे ड्रेन आणि मधली तार यांची ती बेरीज होय. तिला CL म्हणतात. पातळी बदलण्यासाठी ही धारिता भरावी किंवा रिकामी करावी लागते आणि ते काम चालू ट्रान्झिस्टरच्या रोधातून होते. म्हणून स्थूलमानाने पुढील सूत्रे वापरली जातात.

```
tpHL = 0.69 * Rn * CL
tpLH = 0.69 * Rp * CL
```

येथे Rn व Rp हे अनुक्रमे एन-मॉस व पी-मॉस यांचे चालू अवस्थेतील सरासरी रोध आहेत. ०.६९ हा २ चा नैसर्गिक लॉगरिदम असून तो निम्म्या पातळीच्या अटीतून येतो. चढ-काळ व उतार-काळ ही निराळी मापे आहेत. ती १० ते ९० टक्के पातळींमध्ये मोजतात आणि याच प्रतिमानात ती सुमारे २.२ RC इतकी येतात. दोन्ही मापे त्याच RC वर अवलंबून असल्यामुळे Rn व Rp समान केले की विलंबांबरोबर चढ-काळ व उतार-काळही समान होतात.

## असमतोल व रुंदीचे प्रमाण

एन-मॉसमध्ये प्रवाह इलेक्ट्रॉन वाहतात, तर पी-मॉसमध्ये तो होल वाहतात. सिलिकॉनमध्ये होलांची चलनक्षमता इलेक्ट्रॉनांपेक्षा कमी असते. त्यामुळे लांबी-रुंदी सारखी असली तरी पी-मॉसचा रोध साधारणतः दोन ते तीन पट अधिक भरतो. या गुणोत्तराला r म्हणू. ट्रान्झिस्टर रुंद केल्यास त्याचा रोध त्याच प्रमाणात घटतो. म्हणून चॅनेलची लांबी तीच ठेवून पी-मॉसची रुंदी एन-मॉसच्या r पट केली की दोन्ही विलंब समान होतात. प्रदान ज्या आदान-दाबाला पातळी बदलते तो दाबही यामुळे पुरवठ्याच्या मध्याजवळ येतो. रुंदीच्या या प्रमाणाला β म्हणतात.

परंतु रुंद पी-मॉसचे गेट व ड्रेन यांची धारिताही वाढते. रोध कमी करताना भारही वाढतो आणि तो एन-मॉसलाही रिकामा करावा लागतो.

## उदाहरण

गणनेच्या सोयीसाठी पूर्णांक मूल्ये घेऊ. एकक रुंदीच्या एन-मॉसचा रोध १० किलोओहम, पी-मॉसचा २५ किलोओहम, म्हणजे r = २.५ मानू. प्रत्येक एकक रुंदीमागे गेट व ड्रेन मिळून २ फेमटोफॅरड धारिता मानू. एक इन्व्हर्टर तशाच दुसऱ्या इन्व्हर्टरला चालवतो आणि तारेची धारिता नगण्य आहे, असे धरल्यास पुढील विलंब मिळतात. सर्व आकडे पिकोसेकंदांत आहेत.

| β | tpHL | tpLH | सरासरी |
|---|---|---|---|
| १ | २७.६ | ६९.० | ४८.३ |
| १.५८ | ३५.६ | ५६.३ | ४६.० |
| २.५ | ४८.३ | ४८.३ | ४८.३ |

पहिल्या व शेवटच्या ओळीतील सरासरी सारखीच आहे. पी-मॉस अडीचपट रुंद केल्याने चढता विलंब जितका घटला, तितकाच उतरता वाढला. सरासरी सर्वांत कमी येते ती β हा r च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १.५८ असताना. तेव्हाही लाभ पाच टक्क्यांच्या आतच आहे.

लांब तार जोडल्यास चित्र बदलते. तारेची धारिता २० फेमटोफॅरड धरल्यास β = १ साठी विलंब १६५.६ व ४१४ येतात, सरासरी २८९.८. β = २.५ साठी दोन्ही १८६.३ येतात. भाराचा मोठा हिस्सा आता तारेचा असल्यामुळे रुंद पी-मॉसची स्वतःची धारिता फारशी जाणवत नाही. म्हणून अशा ठिकाणी समतोलाबरोबर वेगही मिळतो.

## असमतोलाचे परिणाम

समतोलाची खरी गरज घड्याळ-संकेताच्या मार्गात भासते. वरील लांब तारेच्या उदाहरणात १ गिगाहर्ट्झचा संकेत, म्हणजे ५०० पिकोसेकंद उच्च व ५०० नीच, β = १ असलेल्या इन्व्हर्टरला दिला असे समजा. प्रदान ४१४ पिकोसेकंद उशिरा चढते, पण १६५.६ पिकोसेकंदांतच उतरते. त्यामुळे उच्च स्पंदाची रुंदी ५०० वरून सुमारे २५२ पिकोसेकंदांवर येते. घड्याळाच्या दोन्ही कडांवर काम करणाऱ्या परिपथात अर्ध्या आवर्तनात संपवावयाचे काम मग वेळेत पुरे होत नाही.

सारख्या भाराचे दोन इन्व्हर्टर एकापाठोपाठ असतील, तर प्रत्येक कडेला एकदा चढता व एकदा उतरता विलंब लागतो आणि विकृती नाहीशी होते. भार वेगळे असतील किंवा इन्व्हर्टरांची संख्या विषम असेल, तर ती उरते. याच कारणाने मानक-कोश संग्रहांत घड्याळासाठी समतोल केलेले स्वतंत्र बफर दिलेले असतात, तर इतर कोशांत क्षेत्रफळ वाचवण्यासाठी पी-मॉस पूर्ण r पट रुंद करत नाहीत.

## मापन

विषम संख्येचे इन्व्हर्टर वर्तुळाकार जोडून बनणारा वलय-दोलक हे विलंब मोजण्याचे परिचित साधन आहे. N इन्व्हर्टरांच्या वलयाची वारंवारता 1/(2·N·tp) असते. मात्र तिच्यात केवळ सरासरी विलंब येतो. कोष्टकातील β = १ व β = २.५ या दोन्ही इन्व्हर्टरांचे ३१ टप्प्यांचे वलय सुमारे ३३४ मेगाहर्ट्झ इतकीच वारंवारता दाखवील. असमतोल ओळखण्यासाठी दोन्ही विलंब वेगवेगळे मोजावे लागतात. १८० नॅनोमीटर प्रक्रियेत प्रचलित असलेल्या १.८ व्होल्ट पुरवठ्यासाठी स्पाइस प्रणालीत ते असे मोजता येतात.

```
.measure tran tphl TRIG v(in) VAL=0.9 RISE=1 TARG v(out) VAL=0.9 FALL=1
.measure tran tplh TRIG v(in) VAL=0.9 FALL=1 TARG v(out) VAL=0.9 RISE=1
```

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेला 'अजित' हा सूक्ष्मप्रक्रियक सेमीकंडक्टर लॅबोरेटरीच्या १८० नॅनोमीटर प्रक्रियेनेच घडवला गेला.

## मर्यादा

रुंदीने साधलेला समतोल एका विशिष्ट स्थितीपुरता असतो. उत्पादनात एन-मॉस व पी-मॉस स्वतंत्रपणे मंद किंवा जलद निघू शकतात. वरील β = २.५ च्या इन्व्हर्टरमध्ये Rn १० टक्के वाढला व Rp १० टक्के घटला, तर विलंब ५३.१ व ४३.५ होतात. म्हणून 'मंद एन, जलद पी' आणि 'जलद एन, मंद पी' या दोन्ही टोकांच्या स्थितींत रचना तपासली जाते. तसेच वरील सूत्रे आदान क्षणार्धात बदलते असे गृहीत धरतात. प्रत्यक्षात आदानाची कड तिरकी असते आणि तिचा उतार जितका संथ, तितका विलंब वाढतो. अंतिम रुंदी म्हणून सूत्राने ठरत नाही. सूत्राने आरंभीचे मूल्य मिळते व पुढे अनुकरणाने ते सुधारले जाते.